घाट चढणाऱ्या गाडीचा ऊर्जेचा जमाखर्च

मुंबईहून पुण्याकडे जाणारी लांब पल्ल्याची गाडी कर्जतला थांबली की थोड्या वेळाने मागच्या डब्यांना हलका धक्का बसतो. बँकर लागलेला असतो. बँकर म्हणजे घाटात गाडीला मागून रेटणारी जादा इंजिनं. लोणावळ्याच्या बाजूला चढ संपला की ती सुटतात. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ साली, आणि या मार्गाचा सर्वांत तीव्र चढ आहे ३७ला १. म्हणजे गाडी रुळावर ३७ मीटर पुढे सरकली की १ मीटर वर चढते. रस्त्याच्या मानाने हा चढ काहीच नाही. पण गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक चालवायचं असतं, तिथे तो फार मोठा असतो.

शाळेच्या विज्ञानात कार्य, शक्ती, गतिज ऊर्जा आणि स्थितिज ऊर्जा यांची गणितं असतात. मुलं सूत्रात आकडे घालून उत्तरं काढतात, पण या चार राशींचं एकमेकींशी नातं काय, ते बहुतेकांना कळत नाही. त्यासाठी वेगवेगळी दहा गणितं करण्यापेक्षा घाटातल्या एकाच गाडीचा पूर्ण हिशेब मांडणं मला जास्त उपयोगी वाटतं.

हिशेब सोपा राहावा म्हणून गाडीचं वस्तुमान डबे, माणसं आणि सामान धरून १००० टन, म्हणजे १० लाख किलोग्रॅम मानू. कर्जत समुद्रसपाटीपासून जेमतेम पन्नास-साठ मीटर उंचीवर आहे आणि लोणावळा सुमारे सव्वासहाशे मीटरवर. आपण चढाई ५५० मीटर धरू. गुरुत्वत्वरण g नेहमीप्रमाणे ९.८.

वर पोहोचल्यावर गाडीच्या स्थितिज ऊर्जेत किती भर पडली? सूत्र mgh. १०,००,००० × ९.८ × ५५० म्हणजे ५३९ कोटी ज्यूल. ज्यूल हे माप फार लहान असल्याने एवढ्या मोठ्या आकड्यातून काही बोध होत नाही. म्हणून तो घरच्या वीजबिलातल्या युनिटमध्ये बदलू. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार केला की उत्तर येतं सुमारे १५०० युनिट. महिन्याला सव्वाशे युनिट वापरणाऱ्या घराला ही वीज वर्षभर पुरेल. एक गाडी एकदा घाट चढली की नुसत्या उंचीपोटी एवढी ऊर्जा तिच्यात साठते.

इथे मुलं हमखास अडखळतात. कर्जत ते लोणावळा रुळाची लांबी सुमारे २८ किलोमीटर आहे. मग सूत्रात ५५० मीटर का घालायचे, २८,००० का नाहीत? कारण गुरुत्वाकर्षण सरळ खाली ओढतं, त्यामुळे त्याच्याविरुद्ध होणारं कार्य फक्त वर चढलेल्या अंतरावर ठरतं. सपाट रुळावर गाडी कितीही किलोमीटर धावली तरी गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं कार्य शून्यच. हवं तर बल आणि अंतर घेऊन ताळा करता येतो. ३७ला १ या चढावर गाडीला मागे खेचणारं बल म्हणजे तिच्या वजनाचा सदतिसावा भाग. वजन ९८ लाख न्यूटन, म्हणून बल सुमारे २ लाख ६५ हजार न्यूटन. या चढाने ५५० मीटर उंची गाठायला २०,३५० मीटर रूळ लागतो. गुणाकार पुन्हा ५३९ कोटी. चढ १००ला १ असता तर बल ९८ हजार न्यूटनवर आलं असतं, पण रूळ ५५ किलोमीटर लागला असता. गुणाकार तोच. सौम्य चढ ओढ कमी करतो, कार्य कमी करत नाही. सह्याद्रीच्या कड्यावर ५५ किलोमीटरचा रूळ फिरवायला जागा कुठून आणायची?

आता शक्ती. गाडी त्या तीव्र चढावर ताशी ५४ किलोमीटरने जाते असं धरू. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायला ३.६ने भागायचं, म्हणजे वेग १५ मीटर प्रतिसेकंद. हा भागाकार विसरला की पुढची सगळी उत्तरं चुकतात. उत्तर अविश्वसनीय मोठं दिसलं तर आधी इथेच शोधावं. शक्ती म्हणजे दर सेकंदाला होणारं कार्य. बल गुणिले वेग केलं तर २,६५,००० × १५, म्हणजे सुमारे ४० लाख वॅट. अश्वशक्तीत सांगायचं तर ५३०० एचपीच्या वर. ही फक्त उंचीची किंमत झाली. चाकांचं घर्षण, वळणांवर रुळाशी होणारी घासाघीस आणि हवेचा अडथळा यांचा खर्च वेगळा.

हीच गाडी निम्म्या वेगाने नेली तर शक्ती निम्मी, २० लाख वॅट लागेल. वेळ दुप्पट लागेल आणि कार्य तेवढंच राहील. मग गाडी सावकाश नेली तर बँकर वाचेल का? दरवेळी नाही. शक्तीची गरज वेगाबरोबर कमी होते, पण २ लाख ६५ हजार न्यूटनची ओढ कोणत्याही वेगाला लागतेच. एवढी ओढ एकट्या इंजिनाने लावायची तर त्याच्या चाकांनी रुळाला तेवढं धरून ठेवायला हवं. पावसाळ्यात ओल्या रुळावर ही पकड कमी होते आणि चाकं जागीच फिरू लागतात. शिवाय सगळी ओढ पुढूनच लावली तर पहिल्या डब्यांच्या कपलिंगवर तिचा सगळा ताण येतो. मागून रेटणारी इंजिनं या दोन्ही अडचणी सोडवतात. शक्तीच्या गणितात न दिसणारं हे कारण बलाच्या गणितात दिसतं.

गतिज ऊर्जा अजून राहिली. सूत्र ½mv². १० लाख किलोग्रॅम आणि १५ मीटर प्रतिसेकंद घातले की सव्वाअकरा कोटी ज्यूल, म्हणजे जेमतेम ३१ युनिट. उंचीची ऊर्जा १५०० युनिट आणि धावण्याची ३१! अंगावर येणारी धडधडती गाडी पाहून हे पटत नाही, पण घाटात खरा साठा उंचीत असतो. तो धोकादायक का आहे, हे गाडी उलट दिशेने, लोणावळ्याहून कर्जतला उतरू लागली की कळतं.

ऊर्जा अक्षय्यतेचा नियम सांगतो की ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, फक्त तिचं रूप बदलतं. उतरताना स्थितिज ऊर्जेच्या खात्यातून ५३९ कोटी ज्यूल बाहेर पडणार, आणि ते दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात जमा व्हायलाच हवेत. ब्रेक नाही, घर्षण नाही असं मानलं तर सगळे गतीच्या खात्यात जातील. mgh = ½mv² मांडलं की दोन्ही बाजूंचा m निघून जातो आणि v येतो √(2gh), म्हणजे जवळपास १०४ मीटर प्रतिसेकंद, ताशी ३७० किलोमीटरहून अधिक. प्रत्यक्षात गाडी त्याच्या खूप आधी एखाद्या वळणावर रुळावरून उतरेल. m निघून जातो याचा अर्थही लक्षात घ्यायला हवा. घर्षण सोडलं तर रिकामी गाडी आणि भरलेली गाडी उतारावर सारखाच वेग घेतात. फरक पडतो तो थांबवताना, कारण भरलेल्या गाडीतली ऊर्जा जास्त असते.

ब्रेक निकामी झाला तर वेळ किती मिळतो? ३७ला १ उतारावर गाडी १५ मीटर प्रतिसेकंदाने चालली आहे आणि ब्रेक गेला. वेग दुप्पट, ३० मीटर प्रतिसेकंद, व्हायला किती खाली यावं लागेल? gh = ½(३०² − १५²), म्हणून h सुमारे ३४ मीटर. या उतारावर ३४ मीटर म्हणजे सव्वा किलोमीटर रूळ, आणि त्याला लागणारा वेळ एका मिनिटाहून कमी. घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडा अवधी जास्त मिळेल, पण थोडाच.

म्हणूनच बोरघाटात आणि थळघाटात उतरणीच्या मार्गावर कॅच सायडिंग ठेवलेली आहेत. मुख्य रुळातून फुटून चढावर जाणारा आणि तिथेच संपणारा हा रूळ. उतरणारी गाडी आधी थांबते, ती ताब्यात आहे याची खात्री झाली की मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. न थांबणारी गाडी सायडिंगच्या चढावर जाते आणि तिची गतिज ऊर्जा पुन्हा स्थितिज होते. १५ मीटर प्रतिसेकंदाने आलेली गाडी थांबवायला h = v²/2g प्रमाणे साडेअकरा मीटर उंची लागते. वेग ३० असेल तर ४६ मीटर. वेग दुप्पट, उंची चौपट. गाडी शेकडो मीटर लांब असल्याने ही उंची इंजिनाने नव्हे, गाडीच्या गुरुत्वमध्याने चढायची असते. इंजिन सायडिंगवर बरंच वर गेलं तरी मागचे डबे अजून उतारावर असू शकतात.

सुरळीत उतरणाऱ्या गाडीचे ५३९ कोटी ज्यूल मग कुठे जातात? ब्रेकचे ठोकळे चाकाला घासले तर ते उष्णता होतात. ताशी ३० किलोमीटरचा वेग न वाढू देता उतरायचं तर तीव्र उतारावर दर सेकंदाला सुमारे २२ लाख ज्यूल काढून घ्यावे लागतात, आणि वेग जास्त ठेवला तर त्याच प्रमाणात अधिक. म्हणून उतरतानाची वेगमर्यादा कडक असते. चाकं आणि ठोकळे फार तापले की ब्रेकची पकड कमी होते. शाळेतल्या गणितात ‘घर्षण नगण्य’ असं लिहिलेलं असतं. ते नसेल तेव्हा गतिज अधिक स्थितिज ही बेरीज कायम राहत नाही. तिच्यात उष्णतेचा रकाना जोडला की हिशेब पुन्हा जुळतो.

दुसरा मार्ग विजेचा. आजच्या थ्री-फेज इंजिनांत उतारावर मोटरींचंच जनित्र होतं आणि वीज परत वरच्या तारेत जाते. समजा चढताना घर्षण आणि यंत्रांतली घट धरून गाडीने तारेतून १८०० युनिट घेतले आणि उतरताना ९०० परत दिले. उरलेल्या ९०० युनिटची ऊर्जा हवेत, रुळात, चाकांत आणि मोटरींत उष्णता होऊन पसरली. ती हरवली नाही, पण तिच्याने आता दुसरी गाडी चढवता येणार नाही.

घरात नववीतलं मूल असेल तर त्याला थळघाट करायला द्या. कसारा ते इगतपुरी चढाई ३०० मीटर धरा आणि गाडी तीच, १००० टनांची. स्थितिज ऊर्जेतली वाढ सुमारे ८१७ युनिट यायला हवी.