निळ्या पट्टीचं कारण

कांदा चिरताना बोट कापलं, की आचारी ते नळाखाली धरतो, फडकं गुंडाळतो आणि पुन्हा कामाला लागतो. खरा धोका इथेच आहे. पिकलेल्या जखमेत बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस हे जिवाणू असतात. ते उकडलेल्या बटाट्यात गेले आणि बटाटे तासन्‌तास बाहेर राहिले, तर त्यात विष तयार होतं. पुन्हा उकळल्यावर जिवाणू मरतात, विष मात्र उरतं आणि खाणाऱ्याला काही तासांत उलट्या सुरू होतात. म्हणून जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी आणि वर हातमोजा हवाच. पट्टी निळी असते, कारण निळा पदार्थ सहसा नसतो. ती गळून पडली तर चटकन दिसते.

हेच जिवाणू केसांतही सापडतात. टोपी गळणारा केस अडवते, तसाच डोकं खाजवायला जाणारा हातही. वाढलेल्या नखाखाली, अंगठीखाली कणीक अडकते. तिथे साबण पोचत नाही.