मेनू दिसतो, सिनेमा दिसत नाही

हॉलमध्ये नवा फोर-के टीव्ही आला आणि जुना टीव्ही आजोबांच्या खोलीत गेला. स्ट्रीमिंगचा बॉक्स एकच, म्हणून आम्ही एचडीएमआय स्प्लिटर आणून एकाचे दोन केले. दोन्हीकडे मेनू दिसला, सिनेमांची पोस्टरंही दिसली. सिनेमा लावला तर हॉलमध्ये चित्र लख्ख आणि आजोबांच्या खोलीत मिट्ट काळोख. स्प्लिटरची दोन्ही तोंडं अदलाबदल करून पाहिली. काळोख तोंडाबरोबर हलला नाही, जुन्या टीव्हीलाच चिकटून राहिला. म्हणजे स्प्लिटर बिघडलेला नव्हता. जुन्या टीव्हीला चित्र नाकारलं जात होतं.

नाकारणाऱ्या व्यवस्थेचं नाव एचडीसीपी. इंटेलने बनवलेली ही पद्धत तारेतून जाणारं चित्र कुलूपबंद करते, म्हणजे वाटेत कुणी ते उतरवून घेऊ नये. चित्र सुटण्याआधी बॉक्स आणि टीव्ही एकमेकांची ओळख पटवतात. त्यालाच हँडशेक म्हणतात.

जुन्या आवृत्तीत प्रत्येक उपकरणाच्या पोटात ४० गुप्त किल्ल्या असतात आणि एक उघड ओळखक्रमांक. हा क्रमांक ४० अंकांचा, त्यात बरोबर २० एक आणि २० शून्य. आपण ४० ऐवजी चारच किल्ल्या धरू. बॉक्सचा क्रमांक ११००, किल्ल्या ४, ६, ६, ८. टीव्हीचा क्रमांक १०१०, किल्ल्या ७, ३, ११, ३. दोघं फक्त क्रमांक सांगतात. टीव्हीच्या क्रमांकात पहिल्या आणि तिसऱ्या जागी एक आहे, म्हणून बॉक्स आपली पहिली आणि तिसरी किल्ली मिळवतो: ४ + ६ = १०. बॉक्सच्या क्रमांकात पहिल्या आणि दुसऱ्या जागी एक आहे, म्हणून टीव्ही आपल्या पहिल्या दोन मिळवतो: ७ + ३ = १०. किल्ली एकानेही उच्चारली नाही, तरी उत्तर एकच आलं. सगळ्या किल्ल्या एकाच गुप्त तक्त्यातून काढलेल्या असतात, म्हणून हे जमतं. या सामाईक आकड्यात बॉक्सने त्या वेळी पाठवलेला एक यादृच्छिक आकडा मिसळतात आणि त्यावरून चित्राचं कुलूप ठरतं. (तो तक्ता २०१० साली उघड झाला. नव्या आवृत्त्यांची गणितं वेगळी आहेत, पण आधी ओळख आणि मग चित्र हा क्रम तोच.)

आता स्प्लिटरची अडचण कळते. दोन टीव्हींचे क्रमांक वेगळे, म्हणून त्यांची कुलपंही वेगळी. एकासाठी बंद केलेलं चित्र दुसऱ्याला नुसता गोंधळ वाटेल. नळाला टी जोडून पाणी दोन्हीकडे वळवावं तशी ही तार फोडता येत नाही. स्प्लिटरकडे स्वतःच्या किल्ल्या लागतात. तो बॉक्सचं कुलूप उघडतो, प्रत्येक टीव्हीची वेगळी ओळख पटवतो आणि त्या त्या टीव्हीसाठी नवं कुलूप घालतो. शिवाय आपल्यामागे कोण कोण आहे, याची यादी त्याला बॉक्सला द्यावी लागते.

आमचा जुना टीव्ही १.४ आवृत्तीचा होता. फोर-के सिनेमावर बहुधा अशी खूण असते की तो २.२ किंवा त्यापुढच्या आवृत्तीच्याच उपकरणाला द्यावा. ही खूण पाहून स्प्लिटरने आजोबांचं तोंड बंद ठेवलं. मेनूला ही अट नव्हती, म्हणून तो दिसला. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन १०८०पी केलं आणि सिनेमा पुन्हा लावला, तेव्हा दोन्हीकडे चित्र आलं. बहुतेक सेवा १०८०पी चित्र जुन्या आवृत्तीला देतात. हॉलमधल्या टीव्हीला फोर-के हवंच असेल, तर आजोबांसाठी दुसरा बॉक्स घेणं हाच सरळ मार्ग. खुद्द स्प्लिटरच १.४ चा असेल, तर मात्र नव्या टीव्हीलाही फोर-के मिळत नाही.

स्विचचं दुखणं निराळं. तिथे टीव्ही एक आणि बॉक्स अनेक. जुन्या आवृत्तीत ओळख एकदा पटली की काम संपत नाही, साधारण दर दोन सेकंदांनी दोघं आकडे ताडून पाहतात. स्विचचं बटण दाबलं की पहिल्या बॉक्सचा धागा तुटतो, आणि परत त्याच्याकडे आल्यावर सगळी ओळख पहिल्यापासून करावी लागते. म्हणून दोन-चार सेकंद काळी स्क्रीन दिसणं स्वाभाविक आहे. टीव्ही गेला-आला हे बॉक्सला एचडीएमआयच्या १९ नंबरच्या पिनवरून कळतं. स्विचने हा इशारा नीट पोचवला नाही, तर बॉक्स जुन्याच आकड्यावर अडून बसतो आणि काळोख हटत नाही. अशा वेळी बॉक्सची केबल दहा सेकंद काढून परत लावावी. चित्र आलं आणि पुढच्या अदलाबदलीत पुन्हा गेलं, तर दोष टीव्हीत किंवा इंटरनेटमध्ये शोधत बसू नये, तो स्विचमध्येच आहे.