मशीन कुठेही ठेवा, पट्टा मात्र छातीच्या उंचीवर

घरी बीपीचं मशीन आलं की ते छातीच्या उंचीवर ठेवायची खटपट सुरू होते. पण दंडाला पट्टा बांधून मोजणारं आपोआप चालणारं मशीन जमिनीवर असलं तरी काही बिघडत नाही. नळीत नुसती हवा असते. वजन असतं ते हाताच्या धमनीतल्या रक्ताला, म्हणून छातीच्या मधोमध पातळीला यायला हवा तो दंडावरचा पट्टा. तो दहा सेंटिमीटर खाली गेला, तर आकडा साधारण आठने फुगतो.

मेहकर-चिखलीकडे बाजेच्या काठावर बसून, हात मांडीवर टाकून बीपी बघणारे पुष्कळ. ‘हात सैल सोडला की झालं’ असं त्यांना वाटतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या 2024च्या अभ्यासात हात मांडीवर असताना वरचा आकडा सरासरी चारने आणि बाजूला लोंबकळत असताना साडेसहाने जास्त आला. म्हणजे खरं बीपी 132 असलेल्या माणसाला 138 किंवा 139 दिसू शकतं. घरी मोजताना 135/85 पासून वरचं बीपी जास्त धरतात, म्हणजे एवढ्यानेच निरोगी माणूस रुग्णांत जमा होतो. हात स्वतःच्या जोराने वर धरणंही चूक, कारण ताणलेले स्नायू आकडा चढवतात. पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसा, पावलं जमिनीवर सपाट ठेवा, पायावर पाय नको. हात टेबलावर ठेवा. टेबल बुटकं असेल तर कोपराखाली घडी केलेली गोधडी चालते.

‘मशीनसोबत आलेला पट्टा सगळ्यांना बसतो’ हा गैरसमज जास्त महागात पडतो. शिवणकामाची टेप घ्या आणि खांदा व कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. नेहमीचा पट्टा बहुधा 22 ते 32 सेंटिमीटरचा असतो, आणि ही मापं त्यावर छापलेली असतात. समजा, शेतात राबून कसलेल्या दंडाचा घेर 36 भरला, तर तोच पट्टा ओढूनताणून गुंडाळल्यावर आकडा खोटा वाढतो. उलट, बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला की तो खोटा कमी येतो, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही. योग्य पट्टा कोपराच्या वळणापासून दोन-तीन बोटं वर, उघड्या दंडावर बांधावा. बाही वर सरकवून तिचा घट्ट वेढा होत असेल तर सदरा काढलेला बरा.

विश्रांतीबद्दल गंमत अशी की ‘बसलोच तर आहे’ म्हणणारा माणूस त्याच वेळी घरच्यांशी कापसाच्या भावावर बोलत असतो. बोलण्यानेही बीपी चढतं. पाच मिनिटं गप्प बसायचं, लघवी आधीच उरकायची. चहा, तंबाखू किंवा शेतातली धावपळ यांनंतर अर्धा तास मशीनला हात लावू नये.

पहिला आकडा बऱ्याचदा चढाच असतो. हात न हलवता एका मिनिटाने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहा. एकच मोठा आकडा पाहून गोळी स्वतःहून वाढवू नका, ती वही डॉक्टरांना दाखवा. बीपी 180/120च्या वर असून छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा हातपाय लुळे पडत असतील, तर पुन्हा मोजत बसू नका, थेट 108ला फोन करा.