वाचक आटलेल्या जुन्या लेखाचे काय करावे?

‘ऑनलाइन सातबारा कसा पाहावा’ हा 2017 मध्ये लिहिलेला लेख आज कोणी उघडला, तर त्यात mahabhulekh.maharashtra.gov.in हा पत्ता सापडेल. आता उतारा पाहायला bhulekh.mahabhumi.gov.in वर जावे लागते. त्या लेखात असेही सांगितलेले असेल की, ऑनलाइन उतारा फक्त माहितीपुरता असतो आणि बँकेच्या किंवा कचेरीच्या कामासाठी तलाठ्याची सही घ्यावीच लागते. पण 1 मे 2018 रोजी डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची सुरुवात झाली आणि 15 रुपये भरून मिळणारा हा उतारा सरकारी कामाला चालू लागला. पुढे 2020 मध्ये उताऱ्याचा नमुनाही बदलला. लिहिला तेव्हा या लेखातला शब्दन् शब्द खरा होता. आज त्यावर विसंबणारा शेतकरी नाहक हेलपाटे घालील.

योजना, परीक्षा, आरोग्य, पाककृती, पर्यटन अशा विषयांवर लिहिणाऱ्या प्रत्येक मराठी संकेतस्थळावर असे लेख साचलेले असतात. एकेकाळी रोज शेकडो माणसे ते वाचत. मग हळूहळू वाचक कमी होतात, आणि संपादकाच्या ध्यानात येईपर्यंत निम्मे गेलेले असतात. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर शीर्षकात चालू वर्ष घालून तारीख बदलतात, नाही तर लेख काढून टाकतात. वाचक का गेले, हा प्रश्न दोन्ही वेळा तसाच राहतो.

जुन्या लेखांत किती जीव असतो, याचे एक उदाहरण अमेरिकेतल्या हबस्पॉट या कंपनीचे आहे. तिने 2015 मध्ये आपल्याच लेखांची आकडेवारी प्रसिद्ध केली. महिनाभरात जे लेख वाचले गेले, त्यांतले 76 टक्के वाचन त्या महिन्याच्या आधी प्रसिद्ध झालेल्या लेखांचे होते. कंपनीने जुने लेख निवडून नीट दुरुस्त केले, तेव्हा शोधातून येणारे त्या लेखांचे वाचन सरासरी दुपटीहून अधिक झाले. हे एका कंपनीचे आकडे आहेत. ते प्रत्येकाला लागू पडतील असे नाही. मात्र नव्या लेखांवर सगळी मेहनत खर्च करणाऱ्यांनी मागे वळून पाहावे, एवढे ते नक्की सांगतात.

निदानासाठी लागणारे साधन फुकट मिळते. गूगलच्या ‘सर्च कन्सोल’मध्ये प्रत्येक पानाची गेल्या 16 महिन्यांची नोंद असते. त्यात तीन आकडे पाहायचे. शोधाच्या निकालात लेख किती वेळा दिसला, त्यावर किती क्लिक झाले आणि निकालात तो सरासरी कितव्या क्रमांकावर होता. तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करावी. ई-पीक पाहणीवरचा लेख खरीप हंगामात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास धो धो वाचला जातो आणि नंतर ओस पडतो. त्याची सप्टेंबरची नोंद डिसेंबरशी ताडून पाहिली, तर धडधाकट लेखही आजारी वाटेल.

तुलना केली की घसरणीचे कारण बहुधा या तिन्ही आकड्यांतूनच दिसते. क्रमांक टिकून आहे पण लेख दिसण्याची संख्याच घटली, तर तो प्रश्न विचारणारी माणसेच कमी झाली आहेत. क्रमांक तिसऱ्यावरून दहाव्यावर गेला, तर दुसऱ्या कोणी अधिक चांगले किंवा अधिक ताजे उत्तर दिले आहे. लेख पूर्वीइतकाच दिसतो, क्रमांकही तोच आहे आणि तरी क्लिक घटले, तर शीर्षक वाचकाला ओढत नाही, किंवा निकालाच्या पानावरच उत्तर मिळाल्याने त्याला आत येण्याची गरज उरलेली नाही. पहिल्या कारणावर नव्याने लिहून काही उपयोग होत नाही. दुसऱ्यावर होतो. तिसऱ्यात आधी शीर्षक आणि त्याखाली दिसणाऱ्या दोन ओळी बदलून पाहाव्यात.

हे एका उदाहरणातून पाहू. शेतीविषयक माहिती देणाऱ्या एका संकेतस्थळावर पाच जुने लेख आहेत, असे समजू. सातबारा पाहण्याबद्दलचा 2017 चा, डिजिटल सहीबद्दलचा 2019 चा, बदललेल्या नमुन्याबद्दलचा 2020 चा, 2017 च्या कर्जमाफीत अर्ज कसा भरावा हे सांगणारा एक, आणि ‘आज भूलेख संकेतस्थळ बंद’ अशी चार ओळींची जुनी बातमी.

2017 च्या सातबारा लेखाला वर्षापूर्वी महिन्याला 4,000 क्लिक मिळत आणि आता 1,400 मिळतात, असे धरू. लेख दिसण्याची संख्या जवळपास तेवढीच आहे, क्रमांक मात्र तीनवरून नऊवर घसरला आहे. म्हणजे प्रश्न जिवंत आहे, उत्तर शिळे झाले आहे. हा लेख नव्याने लिहिण्याजोगा.

आता सर्च कन्सोलमध्ये ‘डिजिटल सातबारा’ हा शोध निवडून त्यावर कोणकोणती पाने दिसतात ते पाहिले, तर 2017 चा आणि 2019 चा असे दोन्ही लेख सापडतात. एका आठवड्यात हा वर, पुढच्या आठवड्यात तो. एकाच घरातले दोन लेख एकमेकांचे वाचक वाटून घेत आहेत. अशा वेळी वाचकाच्या जागी बसून विचारावे, की हे दोन प्रश्न आहेत की एक? उतारा हवा असलेल्या माणसाला फुकट पाहायचा कुठे आणि सहीचा घ्यायचा कुठे, हे एकाच ठिकाणी हवे असते. नमुना बदलला म्हणजे काय झाले, हेही त्याला तिथेच दोन परिच्छेदांत कळले तर पुरे. म्हणून तीन लेखांचा एक लेख करावा. सातबारा आणि 8अ यांचे मात्र तसे नाही. एक उतारा जमिनीच्या तुकड्याचा आणि दुसरा गावातल्या एका खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा. शोधणाऱ्याची गरज वेगळी असते, म्हणून ते लेख वेगळेच ठेवावेत.

विलीनीकरणात यजमान लेख आधी ठरवायचा. ज्या पानाला बाहेरच्या संकेतस्थळांवरून जास्त लिंक मिळालेल्या आहेत आणि ज्याला अजूनही जास्त क्लिक मिळतात, ते पान ठेवावे आणि त्याचा पत्ता बदलू नये. बाकीच्या दोन लेखांतला जो मजकूर यजमानात नाही, तेवढाच उचलावा. तीन लेख एकाखाली एक चिकटवले, तर तीच प्रस्तावना तीनदा येते आणि वाचक मध्येच निघून जातो. मग नवा मजकूर लिहिताना प्रत्येक पायरी स्वतः करून पाहावी. विभाग, मग जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक, मोबाइल क्रमांक, पडद्यावर दिसणारी अक्षरे. कुठले बटण नाहीसे झाले आणि कुठले नवे आले, हे जुना लेख वाचून कळत नाही.

त्यानंतर येते तांत्रिक काम, आणि बहुतेक चुका इथेच होतात. गेलेल्या दोन्ही पत्त्यांवरून यजमानाकडे कायमचा रीडायरेक्ट लावायचा. याला ‘301’ म्हणतात. त्यामुळे जुन्या लिंकवरून येणारा माणूस थेट नव्या लेखावर पोहोचतो, आणि शोधयंत्रालाही पान कुठे गेले ते समजते. हा रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवावा, असे गूगल सांगते. शक्य असेल तर तो कायमच असू द्यावा. गेलेली सगळी पाने मुखपृष्ठाकडे वळवणे ही नेहमीची चूक आहे. सातबाऱ्यासाठी आलेल्या माणसाला मुखपृष्ठावर काहीच सापडत नाही, आणि गूगलही असे पान ‘सापडले नाही’ या वर्गात टाकू शकते. संकेतस्थळाच्या आतल्या लिंकही नव्या पत्त्यावर बदलून घ्याव्यात.

कर्जमाफीच्या लेखाचे निदान वेगळे निघते. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना 2017 ची; तिची मर्यादा दीड लाख रुपयांची होती. डिसेंबर 2019 मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली, ती दोन लाखांपर्यंतच्या कर्जासाठी. जुन्या योजनेचा अर्ज आता कोणी भरणार नाही, त्यामुळे घटलेले वाचन स्वाभाविक आहे. इथे मोह होतो तो जुन्या पानावर नव्या योजनेचा मजकूर चढवण्याचा. तसे केले, तर 2017 मध्ये नेमक्या अटी काय होत्या हे शोधणाऱ्या विद्यार्थ्याला, पत्रकाराला किंवा जुन्या प्रकरणात अडकलेल्या खातेदाराला ते पान मुकते. त्यापेक्षा लेख तसाच ठेवून माथ्यावर ठळक ओळ द्यावी, की ही योजना संपलेली आहे, आणि नंतरच्या योजनेच्या लेखाची लिंक द्यावी. पाच मिनिटांचे हे काम वाचकाची मोठी फसगत टाळते.

उरली चार ओळींची बातमी. संकेतस्थळ एक दिवस बंद होते, याचा आज कोणाला उपयोग नाही, तिला बाहेरून लिंक नाहीत, वर्षभरात तिच्यावर क्लिकही नाहीत. ती खुशाल काढावी. तिच्या विषयाला जुळणारे दुसरे पान नाही, तेव्हा रीडायरेक्टही नको. ‘पान सापडले नाही’ हे उत्तर प्रामाणिक आहे.

पाच लेखांत काढून टाकण्याजोगा निघाला तो एकच. मोठ्या प्रमाणावर लेख काढण्याचा मार्ग ‘सीनेट’ या अमेरिकन तंत्रविषयक संकेतस्थळाने पत्करला होता. शोधातले स्थान सुधारावे म्हणून त्याने हजारो जुने लेख काढल्याचे ऑगस्ट 2023 मध्ये उघड झाले. त्यावर गूगलने जाहीरपणे सांगितले, की मजकूर केवळ जुना आहे म्हणून शोधयंत्राला नको असतो, ही समजूत चुकीची आहे. वेबची अशी झीज आधीच मोठी आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या 2024 च्या पाहणीनुसार, 2013 मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी 38 टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडेनाशी झाली होती. म्हणून काही काढायचेच असेल, तर त्याआधी वेबॅक मशीनमध्ये त्या पानाची प्रत जतन करून ठेवावी.

तारखेबाबतही गूगलचा सल्ला स्पष्ट आहे. मजकूर फारसा न बदलता पान ताजे भासावे म्हणून तारीख बदलू नये. मूळ प्रसिद्धीची तारीख ठेवून ‘सुधारित’ अशी दुसरी तारीख द्यावी, आणि काय सुधारले तेही एका ओळीत सांगावे. पानाच्या पत्त्यात वर्ष घालू नये. पुढच्या वर्षी तोच पत्ता लेखाला म्हातारा ठरवतो.

बदल केलेला दिवस वहीत टिपून ठेवावा आणि दोन-तीन महिन्यांनी आकडे पुन्हा पाहावेत, कारण नवे पान समजून घ्यायला शोधयंत्राला काही आठवडे लागतात. सातबाऱ्याचा लेख तरीही पहिल्या क्रमांकावर येणार नाही, आणि त्यात काही बिघडलेले नाही. उतारा पाहणाऱ्याला सरकारी संकेतस्थळ वर दिसणेच योग्य आहे. अशा वेळी लेखाने त्या संकेतस्थळावर न मिळणाऱ्या उत्तरांकडे वळावे. उताऱ्यावर नाव चुकीचे पडले असेल तर काय करायचे, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली लेखनचूक दुरुस्त करून घेण्यासाठी तहसीलदाराकडे अर्ज कसा करायचा, सोबत कोणते जुने फेरफार जोडायचे आणि ई-हक्क प्रणालीतून कोणते अर्ज घरबसल्या देता येतात. सर्च कन्सोलमध्ये या पानाखालचे शोध वाचत गेले, की असे प्रश्न वाचकांच्याच शब्दांत सापडतात. पुढच्या दुरुस्तीची सुरुवात त्या यादीपासून करता येते.