तास नका मोजू, शब्द मोजा: स्वयंसेवकाचं काम कसं जोखायचं?

ज्यांना हा भाग ऐकण्याऐवजी वाचायचाय, त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलता बोलता झालेलं 'म्हणजे', 'तर' थोडं कमी केलंय, बाकी तेच आहे.

आजचा प्रश्न असा: जो माणूस पगार घेत नाही, त्याचं काम चांगलं चाललंय की नाही, हे ठरवायचं कसं? कंपनीत माझं अप्रेझल होतं. रेटिंग, इन्क्रिमेंट, नाहीच जमलं तर नोटीस पिरियड. संस्थेत यातलं काहीच नसतं. पगार नाही, तर कापणार काय आणि वाढवणार काय?

आपल्याकडे सगळ्यात ओळखीचं माप म्हणजे तास. जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या कॉलेजात ज्यांनी एनएसएस केलंय त्यांना आठवत असेल: वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० आणि सात दिवसांचं एक विशेष शिबिर. एवढं झालं की प्रमाणपत्र. एनएसएस १९६९ मध्ये सुरू झालं आणि आज देशभर लाखो विद्यार्थी त्यात आहेत. एवढ्या मोठ्या संख्येला एकच माप लावायचं तर तास सोपे पडतात. पण तासांवरून कळतं ते एवढंच की माणूस किती वेळ होता. तो येईल या भरवशावर काम ठेवता येतं का, हे त्यात दिसत नाही.

हे मला माझ्याच चुकीतून कळलं. जळगावात आम्ही काही जण रविवारी सकाळी मुलांचा अभ्यासवर्ग घेतो, तीन तासांचा. मी इंजिनिअर, त्यामुळे पहिलं काय केलं असेल? गूगल शीट. प्रत्येकाचे तास, त्यावरून क्रमांक, आणि महिन्याच्या शेवटी यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. दोन महिन्यांत दोघं जण काही न बोलता ग्रुप सोडून गेले. एक जण वर्ग संपल्यावरही उगाच बसून राहायला लागला, कारण बसलं की तास वाढतात. मी जे मोजलं, तेच मला मिळालं.

मग माप बदललं. आता आम्ही महिना सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला विचारतो, "तुला कोणते रविवार जमतील?" एक सांग, चार सांग, चालेल. तो झाला त्याचा शब्द. मग शीटमध्ये त्या दिवसासमोर चारपैकी एकच नोंद: आला, आला नाही पण गुरुवारपर्यंत कळवलं, न कळवता आला नाही, किंवा आम्हीच वर्ग रद्द केला. गुरुवार का? कारण दुसरा माणूस शोधायला आम्हाला दोन दिवस लागतात. तुमच्या कामाला चार दिवस लागत असतील तर तुमची मुदत वेगळी.

यात वेळेत कळवलेली गैरहजेरी आम्ही शब्द पाळल्यासारखीच धरतो. कारण नुकसान कशानं होतं? माणूस आला नाही यापेक्षा, तो येणार असं धरून आपण बसलो होतो, यानं.

आता प्रत्यक्ष उदाहरण, जुलै ते सप्टेंबरच्या १२ रविवारांचं. शेवटच्या वर्षाला शिकणारी एक मुलगी. तिनं बाराही रविवार सांगितले, आली आठ वेळा, चार वेळा न कळवता चुकली. दुसरा एक मुलगा धुळ्याहून एसटीनं दोन-अडीच तास प्रवास करून येतो. त्यानं सहाच रविवार सांगितले, पाच वेळा आला, एकदा बुधवारीच फोन केला, "दादा, या रविवारी ड्युटी लागली." तासांच्या यादीत ती २४ वर, तो १५ वर. पण त्यानं सहापैकी सहा वेळा शब्द पाळला, तिनं बारापैकी आठ वेळा. तिच्या चार रविवारी दुसरी आणि पाचवीची मुलं एकाच खोलीत बसवावी लागली, आणि त्या दिवशी शिकवणं जवळपास शून्य.

इथे थांबलो असतो तर ती बेजबाबदार ठरली असती. मी तिला वेगळा फोन केला, ग्रुपवर नाही. ती म्हणाली, "दादा, तुम्ही सगळ्यांसमोर विचारता, 'येशील ना?' नाही कसं म्हणू?" म्हणजे निम्मा दोष आमच्या विचारण्यात होता. पुढच्या तीन महिन्यांसाठी तिनं सहा रविवार घेतले आणि सहाही पाळले. माणूस तोच होता, फक्त शब्द त्याला झेपेल एवढा झाला.

म्हणून न कळवता दोनदा चुकलं की लगेच बोलायचं, वर्ष संपायची वाट बघायची नाही. आणि हंगाम लक्षात घ्यायचा. आपल्याकडे कापूस वेचणीला घरातल्या सगळ्यांचे हात लागतात. दिवाळीच्या आगेमागे शेतकरी घरातली पोरं कमी येणारच. ते आधीच धरून चाला.

पण भरवसा म्हणजे योगदान नव्हे. ते वेगळं बघावं लागतं. आमच्याकडे एक निवृत्त काका आहेत. ते शिकवत नाहीत. कुलूप उघडतात, पाण्याचा जार भरतात, आणि मागच्या रविवारी न आलेल्या मुलांच्या घरी फोन करतात. माझ्या जुन्या शीटमध्ये ते शेवटून दुसरे होते. ते तीन आठवडे पुण्याला लेकीकडे गेले आणि मुलं तिसावरून एकोणिसावर आली. आता त्यात एक सणाचा रविवार होता, म्हणून सगळा फरक त्यांच्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. पण तेव्हापासून दर तीन महिन्यांनी आम्ही सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो: "कोण आलं नाही की तुझं काम अडतं?" ज्यांची नावं यात येतात, ती बहुतेक वेळा तासांच्या यादीत वर नसतात.

मग या लोकांना द्यायचं काय? शाल-श्रीफळ आणि सरसकट प्रमाणपत्र सगळ्यांनाच मिळतं, म्हणून त्याचं कुणाला काही वाटत नाही. आम्ही दोन गोष्टी करतो. एक, नेमकं सांगतो: "काका, तुमच्या फोनमुळे ती दोन भावंडं परत आली." दोन, विश्वास वाढवतो. धुळ्याच्या मुलाकडे आता नव्यांना शिकवायला तयार करायचं काम आहे. आणि कुणाला नोकरीसाठी पत्र हवं असेल तर त्यात 'अत्यंत मेहनती' लिहीत नाही; किती रविवार सांगितले, किती पाळले, काय काम केलं, तेवढंच लिहितो.

या पद्धतीच्या दोन मर्यादा. कुणी तीन-चारच रविवार सांगितले असतील तर टक्केवारी काढू नका. एका तापानं आकडा कोसळतो. आणि मुलांशी कुणी वाईट वागलं तर शीट उघडायचीच नाही. तिथे बाराचे बारा रविवार पाळलेला माणूससुद्धा त्याच दिवशी मुलांपासून दूर करायचा, आणि पुढचं पाऊल कायद्याप्रमाणे.

आणि हो, ती चौथी नोंद, 'आम्हीच रद्द केला'. गेल्या तीन महिन्यांत ती तीनदा पडली, त्यातली दोनदा शनिवारी रात्री कळवलेली. धुळ्याचा मुलगा तेव्हा तिकिटाचं बघत होता. गुरुवारची मुदत आता आम्हालाही लागू आहे.

चला, भेटू पुढच्या भागात.