दूध पातळ, प्रथिने जवळपास तेवढीच

दुधाची पारख आपण सायीवरून करतो. पातेल्यावर बोटभर जाड साय आली की दूध कसदार, आणि नुसताच पापुद्रा धरला की ‘यात काय आहे, पाणीच तर आहे’. टोन्ड दुधाचं पाकीट घरात आलं की हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. सायीपुरतं ते खरंही आहे. पण दूध ज्या प्रथिनांसाठी मुलांना आग्रहाने पाजलं जातं, त्यांच्याबद्दल साय काहीच सांगत नाही.

दोनशे मिलिलिटरचा पेला धरू. अर्ध्या लिटरच्या पाकिटात असे अडीच पेले बसतात. म्हशीचं सहा फॅटचं दूध असेल तर एका पेल्यात साधारण १२ ग्रॅम स्निग्धांश आणि साडेसात ग्रॅम प्रथिने. गाईच्या साडेतीन-चार फॅटच्या दुधात सात-आठ ग्रॅम स्निग्धांश, साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने. टोन्ड दुधात स्निग्धांश सहा ग्रॅम, प्रथिने सहा ते साडेसहा. स्किम्ड दुधात स्निग्धांश फार तर एक ग्रॅम, पण प्रथिने पुन्हा साडेसहा-सातच्या घरात. जनावराची जात, चारा, वेत यांनुसार हे आकडे थोडे हलतात, पण चित्र बदलत नाही. स्निग्धांश बारावरून एकवर येतो आणि प्रथिने साडेसातवरून जेमतेम साडेसहावर. उष्मांकांतला फरकही त्या स्निग्धांशाचाच: म्हशीच्या दुधाचा पेला १८० कॅलरींच्या आसपास, स्किम्डचा सत्तर-पंचाहत्तरच्या.

याचं कारण दुधाच्या रचनेत आहे. स्निग्धांश दुधात विरघळलेला नसतो. त्याचे बारीक थेंब दुधात तरंगत असतात आणि ते बाकीच्या दुधापेक्षा हलके असतात. म्हणून दूध यंत्रात जोरात फिरवलं की मलई एका वाटेने आणि मलईविरहित दूध दुसऱ्या वाटेने बाहेर पडतं. प्रथिने, साखर आणि कॅल्शियम त्या मलईविरहित भागातच राहतात. मलई काढल्याने प्रथिने जात नाहीत. उलट उरलेल्या दुधात त्यांचं प्रमाण किंचित वाढतं. डबल टोन्ड दूध टोन्डहून पातळ लागतं, पण त्यात फॅट दीड टक्का असली तरी फॅट सोडून उरणारे घन पदार्थ नऊ टक्के असावे लागतात, टोन्डमध्ये ते साडेआठ टक्के पुरतात. म्हणजे प्रथिनांच्या हिशेबात तिथेही कमीपणा नाही.

टोन्ड दूध हा प्रकार मुंबईचाच. शहराला दूध पुरत नव्हतं आणि म्हशीचं दूध सगळ्यांना परवडत नव्हतं, तेव्हा आरेची दूध योजना उभी करणारे दारा खुरोडी यांनी तो रूढ केला. (१९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळालेले हेच ते खुरोडी. कुरियन घराघरांत माहीत झाले, खुरोडी मागे पडले.) त्यांची युक्ती कागदावर मांडून पाहण्यासारखी आहे.

सहा फॅटचं एक लिटर म्हशीचं दूध घ्या. त्यात ६० ग्रॅम स्निग्धांश आणि ३७ ग्रॅम प्रथिने आहेत. त्याचं दोन लिटर केलं तर फॅट आपोआप तीनवर येते, म्हणजे टोन्डच्या मापात. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण फॅट सोडून जे घन पदार्थ असतात, ज्यांना डेअरीवर एसएनएफ म्हणतात, तेही निम्मे होतात. ते साडेआठ टक्क्यांवर आणायला सुमारे ८४ ग्रॅम स्किम्ड दुधाची पावडर घालावी लागते आणि उरलेली जागा पाण्याने भरायची. त्या पावडरीतून २९ ग्रॅमच्या आसपास प्रथिने येतात. एकूण झाली ६६ ग्रॅम. दोन लिटरचे दहा पेले. प्रत्येकात सहा ग्रॅम स्निग्धांश आणि साडेसहा ग्रॅम प्रथिने. आता महाराष्ट्रात संकरित गाईंचं दूध मुबलक आहे, तेव्हा बऱ्याचदा एवढा खटाटोप लागत नाही. साडेतीन फॅटच्या दुधातली थोडी मलई काढली की काम होतं.

त्याच एक लिटर दुधात पावडर न घालता एक लिटर पाणीच ओतलं तर? फॅट तीनच लागेल, टोन्डइतकीच. पण पेल्यात प्रथिने पावणेचार ग्रॅमही नसतील. रतीबवाला अर्थात एवढा धीट नसतो. तो लिटरला अर्धा लिटर पाणी घालतो, असं समजा. मग फॅट चार राहते, साय टोन्डपेक्षा जाड येते, घरचे खूश होतात. त्या पेल्यात प्रथिने असतात पाच ग्रॅम. पाकिटातल्या ‘पातळ’ दुधात याहून दीड ग्रॅम जास्त. पाणी घातलेलं दूध आणि मलई काढलेलं दूध डोळ्यांना सारखंच पातळ दिसतं. फरक पोटात गेल्यावर पडतो.

दूध संकलन केंद्रावर हे ओळखण्यासाठी म्हणूनच दोन मापं घेतात. ‘फॅट किती लागली’ आणि ‘डिग्री किती लागली’. डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरचा आकडा, दुधाच्या घनतेचा. पाणी घातलं की डिग्री उतरते. मलई काढली की डिग्री चढते, कारण हलका भाग निघून गेला. या दोन्हींत चलाखी आहे: आधी मलई काढून मग बेताने पाणी घातलं तर डिग्री जागच्या जागी दिसते. घरी नुसता लॅक्टोमीटर आणून दूध तपासणारे इथेच फसतात. फॅटचा आकडा शेजारी असल्याशिवाय डिग्रीला अर्थ नाही.

साय फसवते ती अशी. म्हशीच्या दुधातले स्निग्धांशाचे थेंब गाईच्या दुधातल्यांपेक्षा मोठे असतात, ते लवकर वर येतात. उलट पाकिटावर ‘होमोजनाइज्ड’ लिहिलेलं असेल तर थेंब दाबाने फोडून इतके बारीक केलेले असतात की ते वर येतच नाहीत. फॅट असते, साय धरत नाही. आणि घरी दूध तापवून, गार करून साय काढली म्हणून ते स्किम्ड होत नाही. बराच स्निग्धांश खाली दुधातच राहतो, आणि सायीच्या पापुद्र्याबरोबर थोडी प्रथिनेही निघून जातात. डॉक्टरांनी फॅट कमी करायला सांगितलं असेल, तर साय काढलेल्या म्हशीच्या दुधापेक्षा डबल टोन्डचा हिशेब जास्त खात्रीचा. दुधाच्या स्निग्धांशात संपृक्त भाग मोठा असतो, म्हणून तो सल्ला दिला जातो.

मलईबरोबर एक गोष्ट मात्र खरोखर जाते: अ आणि ड जीवनसत्त्वं, कारण ती स्निग्धांशातच विरघळतात. अनेक डेअऱ्या ती पुन्हा घालतात आणि पाकिटावर तसं छापतात. एक-दोन वर्षांच्या मुलाला स्किम्ड दूध देऊ नये म्हणतात, ते फक्त यासाठी नाही. त्या वयात स्निग्धांशाची ऊर्जाही लागते.

पाकिटावरचे आकडे बहुधा शंभर मिलिलिटरचे असतात, पेल्यासाठी ते दुप्पट करायचे. टोन्ड दुधात प्रथिने वाढवायची असतील तर स्किम्ड दुधाची दहा ग्रॅम पावडर पेल्यात मिसळली की साडेतीन ग्रॅमची भर पडते, आणि दह्याला विरजण लावताना घातली तर दहीही घट्ट लागतं. फक्त दुकानात मागताना ‘दूध पावडर’ एवढंच म्हणू नये. चहासाठी विकलं जाणारं डेअरी व्हाइटनर त्याच फळीवर असतं, दिसतंही तसंच, आणि त्यात बऱ्याचदा साखर घातलेली असते. पुडी उलटी करून घटक वाचले की कळतं.