‘शी’ कोणासाठी, ‘यो’ कोणासाठी?

कोरियन कार्यालयात वयाने मोठा सहकारी धाकट्याला ‘निघालात का?’ असं विचारताना ‘गायो?’ म्हणू शकतो. धाकट्याने मोठ्याला मात्र ‘गासेयो?’ विचारायचं. शेवटचा ‘यो’ दोन्हीकडे आहे. तो समोर ऐकणाऱ्याचा मान राखतो. फरक मधल्या ‘शी’चा. तो क्रिया करणाऱ्याचा आदर दाखवतो आणि ‘यो’ला जोडताना ‘सेयो’ होतो. म्हणूनच उत्तर देताना स्वतःसाठी ‘शी’ कधीच लावत नाहीत. ‘मी निघतो’ला नुसतं ‘गायो’. शिकणारे नेमके इथेच चुकतात, ऐकलेला प्रश्न तसाच परत करतात. आणि मोठ्यानेही धाकट्याला ‘गासेयो?’ विचारलं, तर त्यात वावगं काही नाही. नव्या माणसाने सर्वांना ‘सेयो’च वापरावं.